पाव मिलिमीटरची तार

माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर तीन पावसाळे घरात बसून सागाच्या तुकड्यांतून एक गलबत केलं. लांबी चाळीस सेंटिमीटर, डोलकाठीसकट उंची छत्तीस. शिडाच्या दोऱ्या त्यांनी शिवणाच्या धाग्याला मेण लावून ओढल्या होत्या. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत त्या दोऱ्यांवर धूळ बसते ती चिकटूनच, आणि पुसायला गेलं की एखादी दोरी तुटते. वडील गेल्यावर दोन दोऱ्या माझ्याच हातून तुटल्या, तेव्हा ठरवलं की याला पेटी करायची.

काचेची केली असती तर साडेसात किलोची झाली असती, आणि कोपऱ्यांत सिलिकॉनची दुधी रेघ आली असती. त्याच मापाची ॲक्रिलिकची पेटी साडेतीन किलोच्या आसपास भरते, आणि तिचा सांधा नीट जमला तर दोन तावांमध्ये काही आहे असं दिसतच नाही. हा सांधा कसा जमतो, ते शिकायला मला एक पेटी वाया घालवावी लागली.

आधी हे सांगायला हवं की यात गोंद नसतोच. ॲक्रिलिक म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. त्यावर योग्य द्रावक पडलं की पृष्ठभागाचा अगदी पातळ थर फुगतो आणि मऊ होतो, साखळ्या सुट्या होऊन हलायला लागतात. असे दोन मऊ पृष्ठभाग एकमेकांना टेकले की या बाजूच्या साखळ्या त्या बाजूच्या साखळ्यांत शिरतात, गुंततात. मग द्रावक उडून जातं आणि मागे उरतं फक्त ॲक्रिलिक. दोन ताव एकजीव होतात, म्हणून जाणकार त्याला चिकटवणं न म्हणता वेल्डिंग म्हणतात. झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूने हे होत नाही. तो मध्ये स्वतःचा वेगळा थर ठेवतो आणि वर आजूबाजूला पांढरट वाफ बसवून जातो.

आपल्याकडे बोर्ड आणि ट्रॉफ्या करणाऱ्यांच्या दुकानात दोन द्रावकं दिसतात. एक क्लोरोफॉर्म आणि दुसरं मिथिलीन डायक्लोराइड, ज्याला सगळे एमडीसी म्हणतात. दोन्ही पाण्यासारखी पातळ, आणि कामाचं तेच आहे. पाण्यासारखं पातळ द्रव अरुंद फटीत आपोआप ओढलं जातं, जशी दिव्याच्या वातीत तेल चढतं. सुईच्या टोकाने कडेला थेंब सोडायचा, आत पोचवायचं काम फट स्वतः करते. पण त्यासाठी फट सगळीकडे सारखी आणि अरुंद असावी लागते. हे द्रव पोकळी भरून काढत नाही. काही जण ॲक्रिलिकचा भुसा क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून दाट लुकण करतात आणि वाकड्या कडा त्यावर भागवतात. जोड मजबूत होतो, पण लुकणातच बुडबुडे असतात आणि ते तसेच आत गोठतात. पारदर्शक पेटीला ते चालत नाही.

म्हणजे सगळं येऊन थांबतं कडेवर. माझी पहिली पेटी तिथेच बिघडली. मी तुकडे लेझरवर कापून घेतले. कडा आरशासारख्या चकचकीत निघाल्या होत्या, आणि कापणाऱ्याने वरून ज्योत फिरवून त्या आणखी चमकवून दिल्या. घरी आणून सांधे जुळवले, सुई फिरवली. पाच मिनिटांत कडेपासून आत, तीन-चार मिलिमीटर लांबीच्या केसासारख्या भेगा उमटायला लागल्या, एकीशेजारी एक, कंगव्याच्या दातांसारख्या. मला वाटलं द्रावक भेसळीचं आहे. ते चांगलंच होतं. लेझर आणि ज्योत दोन्ही कडेला वितळवतात. वरचा थर गार होताना आकसतो, आतला आकसू देत नाही, आणि कड ताणलेल्या अवस्थेत गोठते. डोळ्यांना हा ताण दिसत नाही. द्रावकाने साखळ्या सैल केल्या की तोच ताण भेगा पाडून मोकळा होतो. एकदा भेग पडली की ती बुजत नाही.

आमच्या गल्लीत बोर्ड करणारे एक काका आहेत, चाळीस वर्षं हेच काम करणारे. त्यांनी तुकडा उजेडात धरला आणि म्हणाले, "ताई, चकाकी नंतर. जोडायची कड मॅट पाहिजे, सपाट पाहिजे आणि काटकोनात पाहिजे. चमकून तिला काय करायचंय, ती तर आत जाणार." पुढचं सगळं मी त्यांच्या टेबलावर शिकले.

नवी पेटी त्यांच्याबरोबर आखली. बाहेरून लांबी ४५० मिलिमीटर, रुंदी २००, उंची ४००. खाली उघडी, लाकडी पाटावरच्या खोबणीत बसणारी. ताव घेतला ५ मिलिमीटरचा. ३ मिलिमीटरचा स्वस्त पडतो, पण एवढ्या लांबीत पोट काढतो, आणि त्याच्या कडेवर ताव उभा करून जोडताना हात स्थिर राहत नाही. कास्ट ताव मागा, असं काकांनी बजावलं. एक्स्ट्रुडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेला ताव, जास्त पटकन जुळतो, पण त्याच्यात मुळातच ताण साठलेला असतो आणि तो भेगांना लवकर बळी पडतो. कास्टमध्ये एक वेगळी अडचण असते. त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते. पाचचा म्हणून आणलेला माझा ताव व्हर्नियरने मोजला तर एका टोकाला ४.७ भरला.

याचा हिशोब असा. वरचं झाकण चारही भिंतींवर बसणार, म्हणून भिंतींची उंची ४०० वजा ५, म्हणजे ३९५. पुढची आणि मागची भिंत पूर्ण लांबीची. बाजूच्या दोन भिंती त्या दोघींच्या मध्ये उभ्या राहणार, म्हणून त्यांची रुंदी २०० वजा दोन जाड्या. ताव खरोखर पाचचा असता तर १९०, आणि ४.७ चा असल्यामुळे १९०.६. या ०.६ मिलिमीटरने पेटी बिघडत नाही. दोन्ही बाजूच्या भिंती एकमेकींशी तंतोतंत सारख्या नसल्या तर मात्र बिघडते, कारण मग चौकट चौकोनी राहत नाही आणि झाकणाखाली एका कोपऱ्यात फट पडते. म्हणून जोडीचे तुकडे एकावर एक ठेवून, क्लॅम्प लावून, दोघांच्या कडा एकदमच तासायच्या.

पुढची-मागची भिंत आणि झाकण मात्र मुद्दाम मोठं कापायचं. भिंती ४५० ऐवजी ४५२, झाकण ४५२ बाय २०२. म्हणजे जोडल्यावर प्रत्येक सांध्याच्या बाहेर एक मिलिमीटरचा काठ उरतो. हा काठ मला आधी कापणीतला ढिसाळपणा वाटला होता. त्याचा उपयोग द्रावक सोडताना कळला.

करवतीने कापलेली कड खडबडीत असते. काकांकडे हॅक्सॉच्या जुन्या पात्याचा एक तुकडा आहे, त्याची पाठ घासून काटकोनी धारेची केलेली. ते पातं कडेवर उभं धरून ते एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढतात, आणि पांढऱ्या तारेसारखी एक कुरळी साल निघते. करवतीच्या रेघा जाईपर्यंत असं पाच-सहा वेळा. पॉलिश पेपर हातात धरून घासायचा नाही, त्याने कडेचे कोपरे गोल होतात आणि गोल कोपऱ्याखाली हवा राहते. घासायचंच असेल तर सपाट ठोकळ्याला पेपर गुंडाळून, पाणी लावून. नंतर कड जाड काचेच्या तुकड्यावर उभी करायची आणि मागून मोबाइलची बॅटरी धरायची. खालून उजेड कुठेही डोकावला तर तिथे बुडबुडा येणार हे नक्की. माझ्या दोन कडा या परीक्षेत नापास झाल्या आणि पुन्हा तासाव्या लागल्या.

तावावरचा संरक्षक कागद फक्त जोडाच्या आसपास, दोन बोटांएवढा, सोलून मागे दुमडायचा. कागद सांध्याला टेकलेला राहिला तर द्रावक त्याच्याखाली शिरतं आणि तिथे कायमचा ओरखड्यासारखा डाग पडतो. पूर्ण कागद काढला तर कामाच्या धक्क्यांनी ताव चरतो. उघडी झालेली पट्टी साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ सुती कापडाने पुसायची आणि पूर्ण वाळू द्यायची. काच पुसायचं अमोनियाचं द्रव इथे आणायचं नाही, त्यानेही ॲक्रिलिकला बारीक भेगा पडतात.

आता खरं काम. पुढची भिंत जाड काचेवर आडवी ठेवली. तिच्या टोकाला, एक मिलिमीटर आत, बाजूची भिंत उभी केली आणि आतल्या बाजूने सुताराच्या गुण्याला टेकवली. सांधा नेहमी आडवा असायला हवा, म्हणजे द्रव खाली वाहून जात नाही. इथपर्यंत मला ठाऊक होतं. पुढे मी पहिल्या वेळी काय केलं होतं, तर दोन्ही ताव क्लॅम्पने घट्ट आवळून मग सुई फिरवली होती. काकांनी मान हलवली. "दाबून ठेवलंत तर आत जाणार काय? त्याला आधी पिऊ द्या."

त्यांच्या खणात गिटारची सगळ्यात बारीक तार असते, पाव मिलिमीटरची, बोटभर लांबीचे तुकडे केलेली. त्यांनी उभ्या भिंतीच्या कडेखाली दर आठ-दहा सेंटिमीटरवर एक तुकडा आडवा सरकवला. भिंत आता त्या तारांवर उभी होती, खाली पाव मिलिमीटरची सारखी फट. मग सुई. तिचं टोक बाहेरच्या त्या एक मिलिमीटरच्या काठावर टेकवून त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकाच दिशेने, न थांबता ओढलं. द्रव काठावर पडत होतं आणि लगेच आत ओढलं जात होतं. आत जाताना ते दिसतं. कोरड्या फटीतली हवा उजेड परतवते, म्हणून कड चांदीसारखी दिसते. द्रावक आत शिरलं की ते आणि ॲक्रिलिक उजेडाला जवळजवळ सारखंच वळवतात, त्यामुळे चांदी विझते आणि तिथे गडद, ओली रेघ पुढे सरकत जाते. ती रेघ अखंड पुढे गेली पाहिजे. दोन्ही टोकांकडून सुई चालवली तर दोन ओल्या रेघा मध्ये भेटतात आणि त्यांच्यामध्ये हवा कोंडते. माझ्या पहिल्या पेटीतला मधला लांबट बुडबुडा असा आला होता.

रेघ टोकाला पोचली आणि काका थांबले. ओठांनी मोजत होते. वीस, पंचवीस. एवढ्या वेळात दोन्ही पृष्ठभाग फुगून मऊ होतात. मग एका टोकाची तार हळूच ओढली, मग दुसरी, मग तिसरी, क्रमाने. प्रत्येक तार निघाली की भिंत आपल्या साडेचारशे ग्रॅम वजनाने तेवढी खाली बसायची, आणि फटीतलं जास्तीचं द्रव पुढे ढकललं जायचं, वाटेतली हवा बरोबर घेऊन. शेवटची तार निघाली तेव्हा टोकाला एक चमकता थेंब बाहेर आला. सगळे बुडबुडे त्या थेंबातून गेले. वरून त्यांनी दाबलं नाही, फक्त तळहात टेकवून ठेवला.

तारा घाईने काढल्या तर पृष्ठभाग अजून कडक असतात आणि फटीत कोरडे ठिपके राहतात. एक मिनिटाहून जास्त थांबलात तर काठावरचं द्रव उडून तिथे साय धरते, आणि मग भिंत खाली बसली तरी आतली हवा बाहेर निघत नाही. वीस-तीस सेकंदांचा हा आकडा एमडीसीसाठी आणि साधारण हवेसाठी आहे. क्लोरोफॉर्म सावकाश उडतं, त्याला थोडा जास्त वेळ मिळतो. टाकाऊ तुकड्यांवर आधी दोन-तीन सांधे करून पाहिल्याशिवाय आपल्या हवेतला आकडा कळत नाही.

बुडबुडा कधी दिसला यावरून तो का आला ते ओळखता येतं. लगेच दिसला तर कड वाकडी होती किंवा हवा कोंडली. दुसऱ्या दिवशी, स्वच्छ दिसलेल्या सांध्यात उगवला तर मऊ थर पातळ पडला होता: द्रावक कमी गेलं किंवा वरून जास्त दाबलं. द्रावक उडताना थर आकसतो, आणि भरायला मऊ माल उरलेला नसेल तर तिथे पोकळी होते. एकदा बसलेल्या सांध्यात पुन्हा सुई घालून हे दुरुस्त होत नाही. नवं द्रव फक्त काठ विरघळवतं आणि डाग मोठा करतं. एक तर तो सांधा तसाच स्वीकारायचा, नाही तर कापून नव्याने करायचा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते, आणि कोकणात ती टाळणं अवघड आहे. एमडीसी सुमारे चाळीस अंशांनाच उकळतं, म्हणून ते भराभर उडतं आणि उडताना सांध्याला थंडगार करतं. दमट हवेतलं पाणी त्या थंड जागी दंव होऊन बसतं आणि सांधा दुधाळ होतो. द्रावकात पाच ते दहा टक्के ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड मिसळलं तर ते सावकाश उडतं आणि दुधाळपणा कमी होतो, पण हे ॲसिड कातडी भाजतं. आम्ही जुलैत ठरवलेलं काम डिसेंबरमधल्या एका कोरड्या सकाळवर ढकललं.

सुईबद्दलही सांगायला हवं. मेडिकलमधली साधी सिरिंज एमडीसीने भरली तर तिच्या दट्ट्याचं रबर काही मिनिटांत फुगतं आणि दट्ट्या अडकतो. जोर लावला की एकदम पिचकारी उडते, थेट तावावर. काचेची सिरिंज किंवा दाबायची पॉलिथिलीनची बाटली, तिला बोथट टोकाची बारीक स्टीलची सुई, हे बरं. द्रावक काढून ठेवायला थर्मोकोलची किंवा पातळ कडक प्लास्टिकची वाटी घेतली तर ती विरघळून जाते. काचेचीच बाटली हवी, झाकण घट्ट.

आणि हवा खेळती हवी. ही सक्तीची गोष्ट आहे. एमडीसीची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, आणि शरीरात गेल्यावर तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हृदयाचा त्रास असलेल्यांना त्यामुळे जास्त धोका असतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने हे द्रव माणसांत बहुधा कर्करोग करणाऱ्यांच्या गटात टाकलं आहे, आणि अमेरिकेने २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आणायचा नियम काढला. क्लोरोफॉर्म यकृताला घातक आहे. तोंडावरचा साधा मास्क या वाफा अडवत नाही. निळे नायट्राइल हातमोजेही एमडीसी काही मिनिटांत पार करतं, तेव्हा मोज्यावर थेंब पडला की मोजा लगेच काढायचा. दारं-खिडक्या उघड्या, हवा बाहेर ओढणारा पंखा आपल्या पाठीमागे नव्हे तर पुढे, टेबलाच्या पलीकडे, आणि तोही सांध्यावर थेट झोत येणार नाही असा. झोत आला तर द्रावक वेळेआधी उडतं. लहान मुलं त्या खोलीत नकोत.

दोन बाजू पुढच्या भिंतीवर बसल्या. अर्ध्या तासाने ती खुर्चीसारखी चौकट उलटी करून मागच्या भिंतीवर उभी केली, पुन्हा तारा, पुन्हा सुई. शेवटी चौघींची चौकट झाकणावर. इथे चार सांधे एकदम, बारा-पंधरा तारा, आणि दोघांचे हात लागले. काठ नसता तर आतून सुई चालवावी लागली असती, चारशे मिलिमीटर खोल हात घालून, आणि आत सांडलेला थेंब तिथेच राहिला असता. बाहेरच्या काठावर सांडलेलं काहीही बिघडवत नाही, कारण तो काठ पुढे काढूनच टाकायचा असतो.

पण त्याच दिवशी नाही. हलवता येण्याइतका सांधा तासाभरात धरतो, तरी आतून तो अजून मऊच असतो. काठ चोवीस तासांनंतरच काढायचा. बेअरिंगचं पातं लावलेला राउटर भिंतीला टेकवून फिरवला की काठ साफ निघतो. आमच्याकडे काकांनी तेही पात्याने ओढून काढलं, मग ठोकळ्यावर आधी चारशे, मग आठशेचा ओला पेपर, आणि शेवटी कापडावर पॉलिश. आता या कडा चमकवल्या तर चालतं, त्यांना पुन्हा द्रावक लागणार नाही. ज्योत मात्र इथेही फिरवायची नाही, शेजारच्याच सांध्यात द्रावक अजून शिल्लक असतं.

पेटी मी आठवडाभर तोंड वर करून उघडी ठेवली. सांध्यातून वाफ बरेच दिवस निघत राहते, आणि गलबतावर वडिलांनी दिलेलं वॉर्निश बंद पेटीत त्या वाफेने मऊ पडलं असतं. आठव्या दिवशी आत नाक घालून पाहिलं, गोडसर वास गेला होता. उरलेला कागद सोलला. सोलताना ॲक्रिलिकला वीज भरते आणि ते खोलीतली धूळ ओढून घेतं, म्हणून लगेच ओलसर कापड फिरवलं.

डावीकडच्या मागच्या सांध्यात, तळाजवळ, मोहरीपेक्षा लहान एक बुडबुडा आहे. तिथली तार मी ओढली होती, जरा आधी. बाकी अठ्ठावीसशे-एकोणतीसशे मिलिमीटर सांध्यांत काही दिसत नाही, फक्त संध्याकाळी पश्चिमेची तिरीप आली की कोपऱ्यावर एक सरळ रेघ उजळते.